मुठीतला ओरखडा

सलग पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला अबू लबीब दुकानात आला, माझ्या मागच्या खुर्चीवर बसला, काठी गुडघ्यांत धरली आणि म्हणाला, "मदाम सिरान, पुसला का?"

"नाही."

"मग चार दिवस करतेस काय?"

माणसाने एक्याऐंशी वर्षांचं व्हावं, तीस वर्षं न्हाव्याचं दुकान चालवावं आणि तरी दुसऱ्याच्या कामाला वेळ लागतो हे त्याला कळू नये, याला काय म्हणावं? मी त्याच्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. पडद्यावर १९७४ सालचं बस्ता मोहल्ल्यातलं त्याचं छप्पर होतं, त्यावर तो स्वतः तिशीतला, पांढऱ्या सदऱ्यात, वर हात करून उभा. आणि त्याच्या अंगावरून, डोक्यावरून, आभाळातून थेट खालपर्यंत एक काळी उभी रेघ.

"ही रेघ," तो काठीच्या टोकाने पडदा दाखवत म्हणाला. "एवढीच तर आहे. पूस आणि मोकळी हो."

"काठी खाली. पडद्याला लागली तर नवा तुम्ही आणणार आहात का?"

रीळ आणलं होतं त्याच्या मुलीने, लमाने. आठ मिलिमीटरची फीत, पन्नास फूट, चालवली तर जेमतेम सव्वातीन मिनिटं. लमाच्या मामाने कुवेतहून कॅमेरा आणला होता, त्याच्यावर काढलेली. रंग पार उडालेले, सगळं गुलाबी पडलेलं. लमाला त्यात तिची आई रंगीत बघायची होती. पण खरी घाई वेगळीच होती. अबू लबीबचा धाकटा भाऊ हाज तौफीक शनिवारी मुलाकडे माँट्रियालला कायमचा निघाला होता, आणि हे दोघे सख्खे भाऊ एका कबुतरीवरून पन्नास वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. लमा म्हणाली होती, "काका विमानात बसले की संपलं. बाबा म्हणतात, पुरावा हातात आल्याशिवाय त्याचं तोंड बघणार नाही. पुरावा म्हणे या रिळात आहे."

पुरावा म्हणजे ती रेघ.

भांडण असं. दोघांची छपरं लागून. दोघेही कबुतरं उडवणारे. एकमेकांची कबुतरं फितवायची हा तर त्यांचा धंदाच, पण भावाभावांत ठरलेलं होतं, परका पक्षी आपणहून उतरला तर तो आपला, जाळं मात्र लावायचं नाही. तौफीकची शमा नावाची पांढरी कबुतरी त्या दिवशी अबू लबीबच्या थव्याबरोबर उतरली. आपणहून, असं अबू लबीब सांगतो. पुढे मामाने चादरीवर फिल्म दाखवली तेव्हा तौफीक ओरडला, "ती बघा काठी! याच्या हातात जाळ्याची काठी आहे!" अबू लबीब म्हणाला, "काठी नाही, फितीवर ओरखडा आहे." मग पुन्हा लावा, पुन्हा बघा, थांबवा, पुढे न्या. थांबवायच्या नादात दिव्याच्या उष्णतेने एक फ्रेमच जळाली. अजून तिथे तपकिरी बुडबुडा आहे. आणि नेमकी तीच फ्रेम सगळ्यात स्पष्ट होती, असं दोन्ही बाजू सांगतात.

आमच्याकडे जुनी समजूत आहे की काजी कबुतरवाल्याची साक्ष धरत नाही, कारण तो आपल्या पक्ष्याबद्दल कधी खरं बोलत नाही. इथे तर दोन्ही साक्षीदार कबुतरवाले. आणि काजी कोण, तर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बुर्ज हम्मूदमधली मी, जिला कबुतरांचा फक्त गॅलरीतल्या घाणीपुरता परिचय.

बरं, कामाचा क्रम असतो. माझ्या बापाचा फोटो स्टुडिओ होता. तो म्हणायचा, आधी धुणं, मग रंगवणं. फितीलाही तेच. आधी मऊ फडक्याने, औषधाने पुसायची. मग स्कॅनर एकेक फ्रेमचा फोटो काढतो, साडेतीन हजारांच्या वर. मग लुकलुक काढायची, कारण मामाच्या कॅमेऱ्यामुळे एक फ्रेम उजळ, दुसरी मंद, असं आभाळ सारखं डोळे मिचकावत होतं. मग धूळ. मग ओरखडे. रंग सगळ्यात शेवटी, कारण उडालेला रंग वर ओढला की त्याच्याबरोबर धुळीचा कण न् कण वर येतो. हे मी अबू लबीबला पहिल्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी सांगायचं सोडून दिलं.

लुकलुक एका सकाळीत गेली. मध्ये दोनदा वीज गेली, जनरेटर चालू व्हायला वेळ लागला, म्हणून एका सकाळीत. नाही तर तासाभराचं काम. धुळीवर मात्र रणकंदन झालं.

धूळ काढणारा प्रोग्राम तसा सरळ डोक्याचा. एखादा ठिपका एकाच फ्रेममध्ये असेल, आधीच्या आणि पुढच्या फ्रेममध्ये नसेल, तर ती धूळ. तो ठिपका काढ आणि शेजारच्या फ्रेममधला तुकडा तिथे लाव. मी तो चालवला आणि आभाळ घासलेल्या ताटासारखं स्वच्छ झालं.

"माझी कबुतरं कुठे गेली?" मागून आवाज आला.

"कुठली?"

"एकेचाळीस होती! मी मोजलीयत! तू माझा थवा खाल्लास!"

आणि झालं होतं तसंच. दूरची कबुतरं म्हणजे इवलेसे ठिपके, त्यात वेगाने उडणारी. या फ्रेममध्ये इथे, पुढच्या फ्रेममध्ये तिसरीकडेच. प्रोग्रामने धूळ समजून सगळी झाडून काढली. चूक माझी. आभाळ प्रोग्रामपासून आधीच झाकून ठेवायला हवं होतं, हे मला विसाव्या वर्षापासून माहीत आहे. पण एक म्हातारा मानेवर श्वास सोडत बसला असेल तर माणूस स्वतःचं नावसुद्धा विसरतो. मी परत मूळ स्कॅनवर गेले, आभाळ झाकलं, बाकीचं प्रोग्रामला दिलं आणि आभाळातले ठिपके हाताने काढायला बसले. ठिपका एका फ्रेमपुरताच असेल तर धूळ. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या फ्रेममध्ये त्याच वाटेने पुढे सरकत असेल तर कबुतर.

"हे कबुतर आहे," तो म्हणायचा.

"धूळ आहे."

"माझी रायहाना आहे ती! डाव्या पंखावरून ओळखतो मी!"

"तुमची रायहाना पुढच्या फ्रेममध्ये नाही."

"दमली असेल."

दिवसाखेर एकोणीस कबुतरं उरली. अबू लबीबने बावीस धुळीच्या कणांसाठी असा चेहरा केला की जणू घरातलं माणूस गेलं. मी डोकेदुखीची गोळी घेतली.

तर हा पाचवा दिवस. उरला होता ओरखडा.

"हे बघा," मी म्हटलं. "ओरखडा आहे की काठी, हे ठरवणं सोपं आहे. मामांनी कॅमेरा हातात धरलेला, म्हणून चित्र सगळं हलतंय. काठी असेल तर चित्राबरोबर हलेल. ओरखडा फितीवर आहे, त्याला चित्राशी काय घेणंदेणं? तो फ्रेमच्या एकाच जागी राहील. आणि काठी फ्रेमच्या कडेला संपेल, ओरखडा दोन फ्रेमच्या मधल्या पट्टीतूनही पुढे जाईल."

मी स्कॅन मोठं केलं. रेघ मधल्या पट्टीतून सरळ पुढे गेली होती, या फ्रेममधून त्या फ्रेममध्ये, रिळाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत. लमाच्या आईच्या अंगावरून, दोरीवरच्या कपड्यांवरून, सगळीकडून. फितीच्या पाठीवरचा ओरखडा. प्रोजेक्टरमध्ये खडा अडकला की पडतो तसा.

"ओरखडा आहे," मी म्हटलं.

वाटलं, आता उडी मारेल. पण तो पडद्याजवळ वाकला. मग म्हणाला, "आहे ना? मग पूस. सगळा पूस. हाताच्या वरचा तर नीट पूस."

"हाताच्या वरचा का?"

"अगं, तिथेच तर भांडण आहे!"

तो गेल्यावर मी कामाला लागले. असा ओरखडा प्रोग्रामला दिसतच नाही, कारण तो प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी असतो. प्रोग्रामला तो चित्राचाच भाग वाटतो. त्याच्या दोन्ही बाजूंचं चित्र ओढून हातानेच तो बुजवायचा. मी छपरावरच्या प्रसंगाला आले. नऊ सेकंद, एकशे बासष्ट फ्रेम. आणि एका ठिकाणी मामाला बहुधा हसू आलं असावं किंवा शिंक, कारण कॅमेरा जोरात हिसकला.

तिथे रेघा दोन झाल्या.

एक रेघ जागच्या जागी. दुसरी, जराशी बारीक, तपकिरी, अबू लबीबबरोबर डावीकडे सरकलेली. ती त्याच्या मुठीतून सुरू होत होती, आभाळात वर जात होती आणि फ्रेमच्या कडेला संपत होती. मधल्या पट्टीत तिचा मागमूस नव्हता. सात फ्रेमपुरत्या दोघी वेगळ्या होत्या, मग कॅमेरा स्थिरावला आणि ओरखडा पुन्हा काठीवर जाऊन बसला.

मी खुर्चीत मागे टेकले. भांडणात इतक्यांदा रीळ फिरवलं की खडा अडकला, ओरखडा पडला, आणि पडला तो नेमका काठीवर. इतकं नशीब कबुतरवाल्याचंच असतं. पन्नास वर्षं हा माणूस एका ओरखड्याआड उभा होता. आणि मला रोज येऊन सांगत होता, पूस. काठी मी पुसावी, माझ्या हाताने, आणि वर तो पुरावा म्हणून मिरवावा! माझं टाळकंच सरकलं. माझा एकच नियम आहे. फितीवर नंतर जे बसलं ते मी काढते. भिंगासमोर जे होतं त्याला हात लावत नाही. मग ती सासू असो, ढेरी असो किंवा जाळ्याची काठी.

मी लमाला फोन करायला उचलला आणि ठेवला. काय सांगणार? तुझा बाप खोटारडा आहे? ते तिला माहीत नसेल असं थोडंच आहे.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, दहाच्या आधीच दार वाजलं. वाटलं, आज लवकर आला वाटतं हा छळवादी. पण हा दुसराच म्हातारा होता; नाक मात्र तेच.

"मी तौफीक," तो म्हणाला. "ऐकलं की तू ती रेघ पुसणार आहेस."

"या हाज, बसा. तुम्हीही बसा. सगळ्यांनीच बसा."

"पोरी, मी भांडायला नाही आलो. फक्त एक सांगायला आलो. ती काठी आहे. मी मेलो तरी ती काठीच आहे. तू पुसलीस तर अल्लासमोर साक्ष खोटी होईल."

माझा संयम संपला होता. त्या सात फ्रेम काढल्या आणि त्याच्यासमोर एकेक लावल्या. काही समजवावं लागलं नाही. पक्ष्यांच्या मागे आयुष्य घालवलेला माणूस, बारीक गोष्ट त्याला लांबून दिसते. त्याने चष्मा काढला, पुसला, घातला.

"ही बांबूची," तो म्हणाला. "आमच्या वडिलांची होती."

"तुम्ही जिंकलात, हाज. हवं तर छापून देते, मोठ्या आकारात. घेऊन जा माँट्रियालला आणि भिंतीवर लावा."

तो हसला नाही. मी कॉफी केली, ती त्याने घेतली नाही.

"पूस," तो म्हणाला.

"काय?"

"ती काठी. पूस."

"हाज, आत्ता दहा मिनिटांपूर्वी तुम्हीच मला अल्लाची भीती घातलीत!"

"तेव्हा मला खात्री नव्हती." त्याने हात झटकला. "अगं, मी हे दाखवून जिंकलो तर तो घरी जाऊन दार लावून बसेल. तू ओळखतेस ना त्याला? पाच दिवस आहे तो तुझ्याकडे. शनिवारी मी निघेन आणि तो येणार नाही. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, पोरी. परत कोण येतंय? त्याला जिंकू दे. जिंकला की येतो तो. लहानपणापासून असाच आहे."

"मी समोरची गोष्ट पुसत नाही. माझा नियम आहे."

"नियम तर आमचाही होता, जाळं लावायचं नाही असा."

मी त्याच्यावर खेकसले, नियमावर खेकसले, त्या मामाच्या शिंकेवर खेकसले. एकाने खोटं खपवायला सांगावं हे समजतं. पण ज्याचं खरं त्यानेही तेच सांगावं? मग माणसाने रागवावं तरी कुणावर? शेवटी म्हटलं, मूळ स्कॅन माझ्याजवळ जसंच्या तसं राहील, ते कुणी मागितलं तर देईन. तो म्हणाला, कुणी मागणार नाही.

आणि मी पुसली. एकशे बासष्ट फ्रेम, वर आभाळ, त्यात कबुतरं. कबुतराला धक्का न लावता बांबू काढायचा. दुपारी अबू लबीब आला तर त्याला दारातूनच पिटाळलं. म्हटलं, उद्या सकाळी या, रंग लावते, भाऊही येतोय. भावाचं नाव ऐकून तो दारात उभाच राहिला.

"त्याला सांगितलंस? ओरखडा आहे म्हणून?"

"या म्हटलं ना उद्या!"

शुक्रवारी सकाळी दोघे आले. लमाने दोघांना दोन खुर्च्यांवर बसवलं, मध्ये स्वतः बसली. कुणी कुणाला सलाम केला नाही. मी फिल्म लावली.

खोटी नम्रता कशाला, काम सुरेख झालं होतं. गुलाबी कोळिष्टक गेलं होतं. लमाची आई दोरीवर कपडे घालत होती, तिचा झगा हिरवा होता, हे लमालासुद्धा माहीत नव्हतं. ती रडायला लागली. आभाळ स्थिर, निळं. मग छप्पर आलं. तिशीतला अबू लबीब, पांढरा सदरा, अंगावर एक रेघ नाही. वर एकोणीस कबुतरं. आणि त्याचा उजवा हात वर.

तेव्हा मला दिसलं, मी काय करून ठेवलंय ते. दोन दिवस मी आभाळ रंगवत होते, काठी बघत होते; हाताकडे बघितलंच नव्हतं. ओरखडा होता तोवर तिथे नुसता डाग दिसायचा. आता हात लख्ख होता. मूठ. गच्च आवळलेली, अंगठा बोटांवर चढवलेला, कोपराची शीर ताणलेली. एक धट्टाकट्टा माणूस छपरावर उभा राहून सगळी ताकद लावून हवा धरून उभा होता. वेड्यासारखा.

फिल्म संपली.

"बघ भाऊ," हाज तौफीक म्हणाला. आवाज त्याने असा काही साधा केला होता की मलाच खरं वाटलं. "ओरखडाच होता. माझीच चूक. पन्नास वर्षं माफी मागायची राहिली."

अबू लबीब पडद्याकडेच बघत होता. "पुन्हा लाव," तो मला म्हणाला.

मी पुन्हा लावली. मुठीपाशी तो म्हणाला, "थांबव." थांबवली. आता जळायला काही नव्हतं.

"मी काय धरलंय?"

"काही नाही," तौफीक म्हणाला. "ओरखडा होता ना तो."

"ओरखडा मुठीत धरतात का रे, गाढवा?"

"असेल धरला. तुझा काय भरवसा."

"बाबा, जाऊ द्या ना," लमा म्हणाली.

"गप्प बस तू! हा मला सांगतोय ओरखडा! पन्नास वर्षं काठी काठी म्हणून गल्लीभर ओरडला, आणि आता ओरखडा?" तो माझ्याकडे वळला. "याने तुला सांगितलं ना पुसायला? सांग, मदाम. याने सांगितलं ना?"

माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं, हा माझा जन्मजात दोष.

"काठी होती," अबू लबीब म्हणाला. "बाबांची बांबूची. शमा उतरतच नव्हती. चार घिरट्या घातल्या आणि तुझ्या छपराकडे वळली. तेव्हा मी जाळं मारलं."

"ठाऊक आहे," तौफीक म्हणाला.

"ठाऊक आहे म्हणे! मग माफी कसली मागतोस माझी?"

"तू विमानतळावर यावंस म्हणून."

लमाने अबू लबीबच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्याने झटकला नाही.

मग तौफीकने विचारलं, हळूच, जणू हे विचारायला त्याला आधी परवानगी नव्हती. "किती वर्षं जगली रे ती? मी रोज संध्याकाळी कठड्याला टेकून तुझा थवा बघायचो. पांढरं काही चमकलं की वाटायचं, तीच. दहा-बारा वर्षं बघत होतो."

"तिसऱ्या दिवशी मेली," अबू लबीब म्हणाला. "दाणा घेतलाच नाही तिने. तुझ्या छपराकडे तोंड करून बसायची. तुला कसं सांगणार होतो मी?"